ब्रेकर मोठा, वायर बारीक

माननीय संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला गिझर-एसी पॉइंटचा लेख वाचला. 'वारंवार ट्रिप होत असेल तर जास्त अँपियरचा ब्रेकर बसवून घ्यावा' हा सल्ला वाचून हातातला चहा खाली ठेवला. लेखकमहाशयांना नमस्कार, पण हाच सल्ला दोन वर्षांपूर्वी विश्रामबागेतल्या आमच्या घरी एका वायरमनने फुकट दिला होता.

आमचा गिझर ३ किलोवॅटचा. ३००० भागिले २३०, म्हणजे १३ अँपियर. पॉइंट काढला होता बाथरूमच्या दिव्याच्या लाइनीतून, दीडच्या वायरवर. पाइपातून गेलेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण १४-१५ अँपियर सोसते, म्हणजे गिझर एकटा असतानाच ती काठावर. त्यात त्याच लाइनीवर हीटरचं वॉशिंग मशीन, आणखी ९ अँपियर. दोन्ही चालू झाली की १० चा ब्रेकर पडायचा. बिचारा बरोबर सांगत होता. वायरमनने त्याला काढून ३२ चा बसवला आणि म्हणाला, "काका, आता ट्रिपचं नावच नाही."

खरंच नाही! २२ अँपियर वाहत असताना ३२ चा ब्रेकर कशाला पडेल? वायर मात्र तापत राहिली. महिन्याभरात जळकट वास येऊ लागला आणि सॉकेटची भोकं तपकिरी पडली. वायर ओढून काढली तर वाकवताच तिचं आवरण तडकत होतं. गिझरला काही झालं नव्हतं, कारण ब्रेकर राखतो ती भिंतीतली वायर. म्हणून त्याचा आकडा लोडपेक्षा मोठा, पण वायरच्या क्षमतेपेक्षा लहान हवा.

शेवटी मेन बोर्डापासून गिझरपुरती अडीचची स्वतंत्र वायर ओढली, १६ चा ब्रेकर आणि १६ अँपियरचाच सॉकेट बसवला. १३ चा लोड, १६ चा ब्रेकर, १८-२० सोसणारी वायर, असा चढता क्रम. वॉशिंग मशीनची लाइन वेगळी केली. भिंत फोडली, टाइल्स गेल्या, तो खर्च कोणाकडे मागू?

एसीचंही तसंच. 'दीड टनाला ३२' असं सरसकट छापण्याऐवजी पाटीवरचे अँपियर बघा, असं एक वाक्य लिहिलं असतं तर? दीड टनाचा एसी चालताना बहुधा ७ ते ९ अँपियरच घेतो. सुरू होतानाच्या क्षणिक झटक्यासाठी सी प्रकारचा १६ किंवा २० चा ब्रेकर पुरतो. खोली बोर्डापासून लांब असेल तर चारची वायर घ्यावी, कारण लांबीत व्होल्टेज पडतो.

शिवाय लेखात 'सोळा वॅटचा ब्रेकर' असं छापलंय. मुद्रितशोधक सुटीवर होते का? आणि जाता जाता, अंक टाकणाऱ्या मुलाला सांगा, आमच्या अंगणात नळाखाली टाकू नकोस. कालचा लेख वाळवून वाचावा लागला.

आपला,
एक वाचक, सांगली