‘सेपरेटेड’ या शब्दाने घातलेला घोळ आणि तो सोडवणाऱ्या ताईंना खुले आभारपत्र

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

कामगार मदत केंद्रात संध्याकाळी दुभाषी म्हणून बसणाऱ्या तुमच्यासमोर रोज किती जण आपापले कागद घेऊन येतात हे मी पाहिले आहे, म्हणून आधी ओळख पटवून देतो. ज्याने आपल्या हाताने, कोणीही जबरदस्ती केलेली नसताना, आपण बायकोपासून वेगळे झालो आहोत असे परक्या देशाच्या सरकारला लिहून दिले, तो वेल्डर मी. माझे प्रकरण मार्गी लागले हे तुम्हाला फोनवर कळवले होते, पण तुम्ही नेमके काय केले हे लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण माझ्यासारखाच घोळ करून बसलेला कोणी हे वाचेल आणि घाईने चुकीचे उत्तर पाठवण्याआधी थांबेल.

कामावर रुजू होऊन पाचच दिवस झाले असताना कंपनीच्या कचेरीत आम्हा अकरा जणांच्या हातात निवासनोंदणीचा फॉर्म ठेवण्यात आला. तो पूर्ण इंग्रजीत होता. वैवाहिक स्थितीपुढे पाच चौकटी होत्या: ‘सिंगल’, ‘मॅरिड – लिव्हिंग विथ स्पाउस’, ‘सेपरेटेड’, ‘डिव्होर्स्ड’, ‘विडोड’. मॅरिड म्हणजे काय हे मला कळत नव्हते असे नाही. अडचण पुढच्या तीन शब्दांची होती. पत्नी माझ्यासोबत राहत नव्हती, ती दुसऱ्या देशात होती, आणि त्या चौकटीत खूण केली तर मी तिला इथे लपवून ठेवले आहे असा अर्थ निघेल, अशी भीती मला वाटली. मी अविवाहित नव्हतो, घटस्फोटित नव्हतो, विधुरही नव्हतो. उरली एकच चौकट. शेजारच्या सोबत्याने फोनवरच्या शब्दकोशात पाहून सांगितले, “सेपरेटेड म्हणजे विभक्त.” तो शब्द ऐकून मी निश्चिंत झालो, कारण विभक्त म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत होते. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या की आपण विभक्त होतो, रेशनकार्ड वेगळे होते आणि शाळेच्या पुस्तकात त्यालाच विभक्त कुटुंब म्हणतात. आमचे घर तसे होतेच, शिवाय मी घरापासून दूरही होतो. शब्द दोन्ही बाजूंनी बसला. त्याच ओळीत पुढे ‘डेट ऑफ सेपरेशन’ असे होते, तिथे मी घर सोडले त्या दिवसाची तारीख घातली, 14 ऑगस्ट, आणि एकही रकाना रिकामा न सोडल्याच्या समाधानात सही केली.

दोन वर्षे आणि दोन महिने त्या कागदाने काहीच केले नाही. मग पत्नीने माझ्याकडे येऊन राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला आणि त्यात साहजिकच ‘विवाहित’ असे लिहिले. तिचा अर्ज माझ्या नोंदीशी ताडून पाहिला गेला आणि पत्र आले, तेही आधी तिच्या हातात. तुमच्या पतीने अमुक तारखेपासून तुम्ही दोघे विभक्त असल्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे हा विवाह केवळ परवानगी मिळवण्यासाठी दाखवला जात असल्याची शंका आहे, 30 दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा खोटी माहिती दिल्याबद्दल अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तिने ते पत्र भाच्याकडून वाचून घेतले. रात्री फोनवर ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने एवढेच विचारले, “तुम्ही हे लिहून दिलंत?” मला ‘हो’ म्हणावे लागले.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या खिशात खोलीतल्या सोबत्यांनी तयार करून दिलेले उत्तर होते: खूण करताना हात चुकला, क्षमा असावी. तुम्ही ते वाचून बाजूला ठेवलेत आणि विचारलेत, “हात चुकला, तर मग पुढे तारीख कोणी भरली?” त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. हात घसरणे आणि अर्थ न समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हात घसरला असे म्हणणाऱ्याच्या फॉर्ममध्ये पुढचा रकानाही त्याच खुणेला धरून भरलेला असेल, तर खुलासाच खोटा ठरतो आणि जिथे आधी नुसता गैरसमज होता तिथे खरोखरच खोटेपणा शिरतो, हे तुम्ही मला सावकाश, दोनदा समजावून सांगितले. आपण वकील नाही, त्यामुळे अंतिम उत्तर मोफत कायदा सल्ला केंद्रातून तपासून घेतल्याशिवाय पाठवायचे नाही, हेही तुम्ही त्याच वेळी बजावलेत.

त्यानंतर तुम्ही लगेच लिहायला बसाल असे मला वाटले होते. तुम्ही मात्र आधी मूळ फॉर्मची प्रत मागायला लावलीत, कारण पत्रात त्या फॉर्मचा फक्त उल्लेख होता आणि आपण नेमके काय लिहिले होते हे आठवणीवर विसंबून सांगणे धोक्याचे असते. प्रत यायला 9 दिवस लागले. मुदतीचे दिवस जात असताना मी रोज फोन करून तुम्हाला त्रास दिला, त्याबद्दल इथे माफी मागतो. (त्या दिवसापासून मी सही केलेल्या प्रत्येक कागदाचा आधी फोटो काढतो, मग तो हातावेगळा करतो.) दरम्यान तुम्ही मला घरी अभ्यास दिला होता: पाचही चौकटींचा त्या दिवशी मला काय अर्थ वाटला ते मराठीत, माझ्याच शब्दांत, एकेका ओळीत लिहून आणायचे.

प्रत आली तेव्हा तुम्ही माझा पासपोर्ट मागितलात आणि दोन्ही कागद शेजारी ठेवलेत. फॉर्मवर विभक्त झाल्याची तारीख 14 ऑगस्ट होती. पासपोर्टवर मायदेशातून बाहेर पडल्याचा शिक्का 14 ऑगस्टचा होता. जी तारीख माझ्या गळ्यात धोंड्यासारखी अडकली आहे असे मला वाटत होते, तीच माझी साक्षीदार निघाली. ज्याचा संसार खरोखर मोडतो तो मोडल्याचा दिवस विमानात बसण्याच्या दिवसाशी इतका अचूक जुळवत नाही. मी विभक्त होण्याचा अर्थ ‘प्रवासाला निघणे’ असा घेतला होता, हे त्या एका आकड्यावरून कोणालाही दिसत होते. मी तो फॉर्म त्याआधी कितीतरी वेळा पाहिला होता, पण मला ते दिसले नव्हते.

मग तुम्ही मला शब्दाचा खरा अर्थ सांगितलात. लग्न कायद्याने टिकून आहे, पण नाते तुटल्यामुळे नवराबायको वेगळे राहतात, त्याला सेपरेटेड म्हणतात. त्यात अंतर महत्त्वाचे नसते, वेगळे राहण्यामागचे कारण महत्त्वाचे असते; एकाच छपराखाली राहणारे जोडपेही कधी या व्याख्येत बसू शकते आणि समुद्रापलीकडे असलेले बसत नाही. उदाहरण म्हणून तुम्ही कॅनडाच्या कर खात्याची व्याख्या दाखवलीत. तिथे नात्यात बिघाड झाल्यामुळे किमान 90 दिवस वेगळे राहिलेल्यांनाच सेपरेटेड धरतात आणि नोकरी, शिक्षण किंवा आजारपणामुळे दूर असलेल्यांना विवाहितच मानतात. आमच्या प्रकरणाचा त्या देशाशी काही संबंध नव्हता, पण हा फरक मी मनाने रचलेला नाही, एका सरकारने तो लिहून ठेवला आहे, एवढे कळल्यावर मला रात्री झोप लागली.

माझा जबाब तुम्ही भाषांतरित केलात तेव्हा ‘विभक्त’ हा शब्द इंग्रजीत बदलून टाकला नाहीत. तो देवनागरीत तसाच ठेवून खाली अनुवादकाची टीप जोडलीत, की मराठीत हा शब्द दांपत्याबद्दल जसा वापरतात तसा एकत्र कुटुंबातून वेगळ्या निघालेल्या घराबद्दलही रोज वापरतात आणि शब्दकोशातला एक प्रतिशब्द वाचणाऱ्याला दोहोंतला कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे कळायला मार्ग नसतो. माझी वाक्ये अडखळती होती. ‘मागे रांग होती आणि विचारायची लाज वाटली’ हे वाक्य काढून टाकावे, ते बावळटपणाचे दिसते, असे मी म्हणालो, तेव्हा तुम्ही ते काढायला साफ नकार दिलात. तुम्ही माझ्यासोबत काम केले होते, म्हणून पत्नीच्या जबाबाचे भाषांतर दुसऱ्या दुभाषाकडून करून घेतलेत आणि त्यावर आपल्याला दोन्ही भाषा येतात व अनुवाद खरा आणि संपूर्ण आहे असे त्यांचे सहीचे, तारखेचे निवेदन जोडलेत.

पुराव्यांच्या बाबतीत तुम्ही काटेकोर होता. आम्ही दोघांनी मिळून काढलेले नवे फोटो मी उत्साहाने आणले होते. पत्र आल्यानंतर तयार झालेल्या कागदाला फारसे वजन नसते असे म्हणून तुम्ही ते परत केलेत. तुम्ही ठेवलेत ते कंटाळवाणे, पण शंका येण्याच्या कितीतरी आधीचे कागद: 26 महिन्यांत दर महिन्याला पत्नीच्या खात्यात गेलेल्या पैशांचा बँकेचा उतारा, रजेत घरी गेल्याचे तिकीट आणि शिक्के, आणि कंपनीच्या विम्याचा फॉर्म, ज्यावर त्याच ऑगस्ट महिन्यात मी वारस म्हणून पत्नीचे नाव घातले होते.

एका गोष्टीवरून मात्र मी तुमच्यावर रागावलो होतो, आज ते कबूल करतो. वैवाहिक स्थिती विचारणारा प्रत्येक फॉर्म आठवून यादी करा असे तुम्ही म्हणालात आणि त्यात बँकेचा फॉर्म निघाला. तिथेही, पहिल्या फॉर्मवरून नक्कल करून, मी सेपरेटेडच लिहिले होते. तो कोणाला माहीत नाही, मग आपणच कशाला दाखवायचा, असा माझा हट्ट होता. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, “उद्या तो त्यांना सापडला, तर बाकीचे सगळे खरे असूनही कोणी मानणार नाही.” तो फॉर्म आपण स्वतःहून जोडला आणि बँकेतली नोंद दुरुस्त करून घेतल्याची पावतीही सोबत लावली.

कायदा सल्ला केंद्रातल्या बाईंनी उत्तरातला फक्त एक परिच्छेद वर घेतला, तारखेचा. मुदत संपायला चार दिवस असताना ते गेले. अकरा आठवड्यांनी खुलासा मान्य झाल्याचे पत्र आले. या वेळीही ते आधी पत्नीच्या हातात पडले आणि या वेळी ते तिने स्वतः, एकेक अक्षर लावत वाचले.

ती इथे येऊन आता तीन आठवडे झाले. परवा नोंदणीचा तोच फॉर्म पुन्हा भरायचा होता. दुसऱ्या चौकटीत मी खूण केली, तेव्हा तिने फॉर्म माझ्याकडून ओढून घेतला, पाचही चौकटींचे अर्थ मला मोठ्याने विचारले आणि मगच मला सही करू दिली. येत्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघे केंद्रात येत आहोत. तुम्हाला भेटायचे आहे असा तिचा फार आग्रह आहे.

आपला कृतज्ञ,
14 ऑगस्टवाला वेल्डर