टोकं वर्ग आहेत म्हणून पूर्ण वर्ग होत नाही

मा. संपादक,
स.न.

परवा आपल्या विद्यार्थी पानावर अवयव पाडायची एक ट्रिक आली होती, पहिलं आणि शेवटचं पद वर्ग दिसलं की सरळ कंस करा आणि वर 2 टाका. मी घरीच आठवी-नववीच्या शिकवण्या घेते, आणि दुसऱ्याच दिवशी दोन पोरं 4x² + 13xy + 9y² चं उत्तर (2x + 3y)² लिहून मोकळी झाली, वर मलाच म्हणतात, बाई पेपरात आलंय!

आता टोकं बरोबरच आहेत, 4x² हा 2x चा वर्ग, 9y² हा 3y चा. पण खरी गंमत मधल्या पदात असते. दोन्ही वर्गमुळांचा गुणाकार करायचा आणि त्याची दुप्पट, म्हणजे 2x गुणिले 3y झाले 6xy, दुप्पट 12xy. इथे आहेत 13xy, म्हणजे एका xy ने हुकलं. मग 13 चे 4 आणि 9 असे भाग करायचे आणि उत्तर येतं (4x + 9y)(x + y). ही दुप्पट तोंडी करायला पाच सेकंद पण लागत नाहीत, आणि तेवढंच नेमकं ट्रिकमध्ये नव्हतं.

चिन्हाचं पण सांगायला हवं होतं. 9x² − 30xy + 25y² मध्ये मधला मायनस कंसात जातो, (3x − 5y)², पण शेवटचं पद प्लसच पाहिजे, तिथे −25y² असेल तर पूर्ण वर्गाचा नादच सोडायचा. आणि दोन चलं असली की मधल्या पदात दोन्ही हवीत, 4x² + 12x + 9y² मध्ये आकडा अगदी जुळतो पण y गायब आहे, इथे हुशार मुलंही फसतात.

दोनच पदं असली तर मधे मायनस आहे का तेवढं बघा, 4x² + 9y² चे काही अवयव पडत नाहीत. 50a² − 18b² बघून मुलं म्हणतात 50 कुठे वर्ग आहे, अरे आधी 2 कॉमन काढा ना, आत 25a² − 9b² राहतं, मग 2(5a + 3b)(5a − 3b).

मला स्वतःला आवडतं ते x² + 6xy + 9y² − 16. चार पदं बघून पोरं दोन-दोनच्या जोड्या लावत बसतात आणि काहीच जुळत नाही. पहिली तीन एकत्र घेतली, दुप्पट तपासली (x गुणिले 3y, दुप्पट 6xy, जुळलं) की उरतं (x + 3y)² − 4², म्हणजे (x + 3y + 4)(x + 3y − 4), एकाच गणितात दोन्ही सूत्रं.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया त्याच चौकटीच्या मापात छापा, पोरांनी जुनं कात्रण वहीत चिकटवलंय, त्याच्यावरच चिकटवता येईल.

आपली एक वाचक