आभार, नाव ठाऊक नसलेल्या मास्तरांचे

कोरेगाव-सातारा सकाळची एसटी, नऊ वर्षं. माझा मासिक पास, त्यामुळे तिकीट मागायचा प्रश्नच नव्हता. मी पास वर धरायचे, मास्तर हसायचे, मीही हसायचे. बस्स. तिकिटांचा ट्रे आणि पंच जाऊन मशीन आलं, तरी तेवढंच.

गेल्या पावसाळ्यात आईजवळ दवाखान्यात रात्र काढून मी परतीच्या गाडीत बसले, आणि बसल्या बसल्या झोपले. स्टॉप आला ते कळलंच नाही. मास्तरांनी एकदा दोरी ओढली, गाडी थांबली. मग सीटच्या दांड्यावर पंचाने वाजवायचे तशी नाण्याने टकटक. दचकून उठले. पिशवी त्यांनीच दारापर्यंत आणली होती. ड्रायव्हरदादांनीही घाई केली नाही. शेजारच्या मावशींनी छत्री हातात कोंबली, ती अजून माझ्याकडेच आहे!

मी आभार मानायला तोंड उघडलं, तोवर डबल बेल वाजली.

परवा कळलं, मास्तर निवृत्त झाले. नवीन मास्तर पास नीट तपासतात, तारीखसुद्धा वाचतात. मास्तर, त्या दिवशी राहिलेलं आज इथे म्हणते: आभारी आहे. मावशी, छत्री न्यायला या.