अनुभव तोच, अर्थ दुसरा

प्रिय अविनाश,

परवा फोनवर मी तुला वाक्यही पुरं करू दिलं नाही, त्याबद्दल आधी माफ कर. "सगळे संत शेवटी एकच सांगतात" असं तू म्हणालास आणि मी उसळलो. खरं तर विशीत मीही हेच छातीठोकपणे सांगत फिरायचो. राग बहुधा म्हणूनच आला.

आधी तुझ्या बाजूचं सांगतो, कारण ती बाजू पोकळ नाही. तिसऱ्या शतकातला ग्रीक परंपरेतला तत्त्वज्ञ प्लोटायनस म्हणतो की परमतत्त्वाशी एक होण्याच्या क्षणी पाहणारा आणि पाहिलेलं असं दोन उरतच नाही. हजार वर्षांनी जर्मनीतला एकहार्ट हा ख्रिस्ती साधू सांगतो, ज्या डोळ्याने मी देवाला पाहतो त्याच डोळ्याने देव मला पाहतो. आणि या दोघांच्या शेजारी मांडूक्य उपनिषदातलं चौथ्या अवस्थेचं वर्णन ठेव: आत वळलेली जाणीव नाही, बाहेर वळलेली नाही, पकडता येत नाही, शांत, शिव, अद्वैत. अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही.

डब्ल्यू. टी. स्टेस या तत्त्वज्ञाने 1960 साली अशा वचनांवरून एक नेटका सिद्धांत मांडला. अनुभव वेगळा आणि त्याचा लावलेला अर्थ वेगळा, असं तो म्हणतो. इंद्रियं थांबतात, विचार थांबतात, प्रतिमा विरतात, तरी जाग असते. पण कशाची जाग, असं विचारलं तर कशाचीच नाही. हा गाभा सगळीकडे सारखा. मग शुद्धीवर आलेला माणूस आपापल्या धर्मातलं नाव त्याला देतो. कुणी ब्रह्म म्हणतो, कुणी देव, कुणी शून्य.

तुझं म्हणणं हेच आहे ना? आता मार्टिन बूबरची गोष्ट ऐक. माझं मत तिच्यामुळे बदललं.

बूबर हा ज्यू विचारवंत. तरुणपणी त्याला गूढवादाची ओढ होती. वेगवेगळ्या परंपरांतल्या साधकांचे समाधीचे उद्गार गोळा करून 1909 साली त्याने एक संग्रहही काढला. त्याला स्वतःलाही असा अनुभव आला होता: 'मी'च्या कडा गळून पडल्या आणि अखंड एकपण उरलं. तेव्हा त्याला वाटलं, मी मूळ तत्त्वाशीच एक झालो. पुढे प्रौढपणी त्याने लिहिलं की ते एकपण मी विसरूच शकत नाही, ती अवस्था असते हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ते देवाशी मीलन होतं का, हे मला ठाऊक नाही. ते माझ्याच जिवाचं एकपण असावं, इतकं खोलवरचं की जिवाला तोच सगळ्याचा तळ वाटावा.

स्टेसला ही गोष्ट फार आवडली. बघा, अनुभव तोच राहिला आणि अर्थ बदलला! शिवाय देव आणि माणूस यांच्यात अंतर राखणाऱ्या ज्यू परंपरेच्या दडपणानेच बूबरने दुसरा अर्थ लावला, असंही तो सुचवतो. इथे मी अडखळलो. दुसरा अर्थ परंपरेने शिकवला असेल, तर पहिला कुणी शिकवला? बूबरची ती उमेदीची वर्षं एकहार्ट आणि उपनिषदं असल्या वाचनातच गेली होती. म्हणजे पहिलं नावही उसनंच असू शकतं. आणि दोन्ही नावं काढून टाकली, तर खाली एवढंच उरतं की कडा गळल्या. ते खरं असेलही. पण "सगळे एकच सांगतात" या वाक्याचं वजन पेलायला ते फार थोडं आहे.

1978 मध्ये स्टीव्हन कॅट्झ या अभ्यासकाने स्टेसच्या सिद्धांतावर याहून मोठा घाव घातला. परंपरा अनुभवानंतर येत नाही, ती आधीच आत बसलेली असते, असं त्याचं म्हणणं. ज्याने वर्षानुवर्षं विशिष्ट ध्यान केलं, विशिष्ट ग्रंथ घोकले, अमुकच गाठायचं हे गुरूकडून ऐकलं, त्याच्या अनुभवाची घडणच तशी होते. त्याचा एक मुद्दा मला बिनतोड वाटतो. सगळे म्हणतात, ते शब्दांत सांगता येत नाही. आणि आपण म्हणतो, बघा किती साम्य! अरे, दोघांनी आपापली पेटी उघडायला नकार दिला, म्हणून दोन्ही पेट्यांत एकच वस्तू आहे असं कसं ठरतं?

आणि सगळे 'एक होणं' तरी कुठे सांगतात? पतंजलीचं कैवल्य म्हणजे पुरुषाने, म्हणजे आतल्या शुद्ध जाणिवेने, प्रकृतीपासून सुटून एकटं उरणं. तिथे मीलन नाही, फारकत आहे. आपण 'योग' या शब्दाचा अर्थ जोडणं असा धरून बसतो आणि हे नजरेआड करतो.

पण कॅट्झपाशीही मी मुक्काम करू शकत नाही. परंपराच अनुभव घडवते, तर परंपरेला न मानवणारे उद्गार येतात कुठून? "मीच सत्य" म्हणणाऱ्या हल्लाज या सूफीला बगदादमध्ये 922 साली मारलं. एकहार्टची काही विधानं पोपने 1329 मध्ये दोषी ठरवली. हे काही त्यांच्या धर्माच्या पाठशाळेतले धडे नव्हते. (वाचनाने घडवलं म्हणावं, तर मग काय वाचलं नाही तेही दाखवावं लागेल. हा वाद असा निसरडा आहे.)

बूबरच्या जोडीला मला सापडलेला दुसरा साक्षीदार म्हणजे सरहिंदचे शेख अहमद, सोळाव्या-सतराव्या शतकातले नक्शबंदी सूफी. सगळं अस्तित्व एकच आहे, या सूफी विचारवंत इब्न अरबींच्या परंपरेतल्या मतात ते वाढले आणि साधनेत त्यांना ते प्रत्यक्ष आलंही. पुढे त्यांनी लिहिलं की ती वाटेतली एक पायरी होती. पुढे गेल्यावर आपण दास आणि तो स्वामी हेच उरलं. त्यांचा दाखला सुंदर आहे. सूर्य उगवला की तारे दिसेनासे होतात. पाहणाऱ्याला एकटा सूर्यच दिसतो, ते खोटं नाही; पण तारे नाहीतच असं त्याने म्हटलं तर चुकलं. एकच दिसणं वेगळं आणि एकच असणं वेगळं.

यात गंमत अशी की अद्वैती नेमका उलटा क्रम लावेल: दास्य आधी, एकत्व शेवटी. म्हणजे दोघांना दोन्ही अवस्था ठाऊक आहेत, भांडण आहे ते वरची पायरी कोणती यावर. आणि हे अनुभवातून कसं ठरवणार? प्रत्येकाला आपला शेवटचा अनुभवच सर्वांत खरा वाटतो.

म्हणून माझं आजचं मत असं: कडा गळण्याचं साम्य खरं आहे, आणि ते बहुधा माणसाच्या मनाच्या घडणीतून येतं. त्यावरून जगाच्या मुळाशी काय आहे हे ठरत नाही. तू यावर चिडशील, माहीत आहे.

चिडण्याआधी एक कर. तुकोबांचे दोन अभंग शेजारी ठेवून वाच. एकात ते "अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा" म्हणतात. दुसऱ्यात "नको ब्रह्मज्ञान, आत्मस्थितिभाव" म्हणून देवाकडे मागतात, मी भक्त आणि तू देव असंच राहू दे. गाथा काळाच्या क्रमाने लावलेली नाही, त्यामुळे आधी कोणता आणि नंतर कोणता हे तिच्यावरून ठरत नाही. तू कोणता वर ठेवशील आणि का, ते लिहून पाठव. फोन नको, मी परत मध्येच बोलेन.

तुझा,
मिलिंद