बावीस फेऱ्या आणि वर पन्नास मीटर

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. जुळे सोलापुरातल्या आपल्या सोसायटीत पाच किलोमीटरला फेऱ्या किती, यावर कट्ट्यावर इतकी वर्षं वाद चालला होता. तुम्ही टेप आणि खडू घेऊन खाली उतरलात आणि तो मिटवलात, म्हणून हे जाहीर पत्र.

नकाशावर कंपाउंड 74 बाय 46 मीटर, म्हणजे भिंतीची लांबी 240 मीटर. भागाकार केला तर 21 फेऱ्या येतात आणि सगळे तेच धरून चालायचे. तुम्ही मात्र एकच प्रश्न विचारलात: "भिंतीवरून चालता का?" आपण चालतो भिंतीपासून दीड मीटर आतून. म्हणजे प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरनं कमी होते. चार बाजूंचे मिळून 12 मीटर गेले, राहिले 228. शिवाय कोपऱ्यावर कुणी काटकोनात वळत नाही. तिथं तुम्ही वळणावर खडूनं रेघ मारून टेप तुकड्या-तुकड्यानं धरलीत, तेव्हा दर कोपऱ्याला पाऊण मीटर कमी भरलं. फेरी ठरली 225 मीटरची. त्या हिशेबानं 21 फेऱ्या म्हणजे 4,725 मीटर, पाच किलोमीटरला पावणेतीनशे मीटर कमीच!

मोबाइलवर तुमचा भरवसा नव्हता, आणि कारणही पटलं. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून सिग्नल येतो, त्यामुळे नकाशावरचा ठिपका कधी कोपरा कापतो, कधी भिंतीपलीकडे जातो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर तो बरा. आपल्या एवढ्याशा चौकोनात ती चूक फेरीगणिक साठत जाते.

आता 22 फेऱ्या म्हणजे 4,950 मीटर. उरलेले 50 मीटर तुम्ही गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत मोजून दिलेत. मोजणी चुकू नये म्हणून सांगितलेले चिंचोके तर झकासच: उजव्या खिशात अकरा, दर फेरीला एक डाव्या खिशात, सगळे संपले की उलट दिशेनं परत. घड्याळाचा पडताळाही आहेच. माझ्या चालीनं फेरीला अडीच मिनिटं लागतात, म्हणजे 22 फेऱ्यांना 55. गप्पांसाठी न थांबता 52-53 मिनिटांतच चिंचोके संपले, तर एक फेरी बुडाली असं समजायचं. (गप्पा मारणाऱ्यांना हा नियम लागू नाही, हे तुम्हीच म्हणालात.)

एक विचारायचं राहिलं. पूर्वेच्या भिंतीलगत आता दुचाकी लागतात, त्या अख्ख्या बाजूला आम्ही मीटरभर आतून चालतो. माझ्या हिशेबानं शेजारच्या दोन बाजू मीटर-मीटरनं घटल्या, म्हणजे 22 फेऱ्यांत 44 मीटर. सध्या मी टाकीच्या पुढे अंदाजानं तेवढं चालते. सवड मिळाली की तेवढी जागा टेपनं मोजून खूण करून द्याल का? टेपचं दुसरं टोक धरायला मी येते. सोबत शेंगाचटणी पाठवली आहे.

आपली,
सी विंगमधली शेजारीण