‘दोनवर एक मोफत’ म्हणजे नेमके किती टक्के?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढ लागला की सांगलीतल्या कापड दुकानांवर सेलचे बोर्ड चढतात. मी गणपती पेठेतल्या एका कापड दुकानात २२ वर्षे जमाखर्च लिहिला आहे. तरीही गेल्या आठवड्यात सुनेबरोबर खरेदीला गेले तेव्हा बिल हातात पडेपर्यंत हिशेब माझ्या लक्षात आला नाही, म्हणून हे पत्र.

हरभट रस्त्यावरच्या एका दुकानात ‘दोनवर एक मोफत’ असा बोर्ड होता. समोरच्या दुकानात ‘सर्व मालावर २५ टक्के सूट’ होती. दारातला मुलगा म्हणाला, “काकू, तिनातला एक फुकट, म्हणजे तेहतीस टक्के झालं की!” ते पटून आम्ही आत गेलो. मुलासाठी १५०० रुपयांचा शर्ट, सुनेसाठी ९०० रुपयांची कुर्ती आणि नातवासाठी ४०० रुपयांचा टीशर्ट घेतला. छापील किमतींची बेरीज २८०० झाली आणि बिल २४०० चे आले. फुकट मिळाला तो टीशर्ट, कारण तिघांत कमी किमतीचा तोच होता. २८०० वर ४०० म्हणजे सूट जेमतेम सव्वाचौदा टक्के. हेच तीन कपडे समोरच्या दुकानात याच किमतीला असते, तर २५ टक्के वजा जाऊन २१०० त मिळाले असते. रस्ता ओलांडला नाही म्हणून ३०० रुपये जास्त गेले.

त्या मुलाचा हिशेब खोटा नव्हता, अर्धा होता. तिन्ही नग एकाच किमतीचे असले तरच सूट ३३ टक्क्यांना पोचते. ९०० च्या तीन कुर्त्या घेतल्या तर २७०० चा माल १८०० ला पडतो. तिथे समोर कुणी ३० टक्के सूट दिली तरी १८९० भरावे लागतील, म्हणजे ‘दोनवर एक’च फायद्याचे. पण तिसरा नग जसजसा स्वस्त होत जातो, तसतशी सूट उतरत जाते, आणि घरातल्या लहानमोठ्यांची खरेदी एकत्र केली की एक नग स्वस्त असतोच.

दुकानात उभ्याउभ्या ताडून पाहायचे असेल तर तिन्ही लेबलांवरच्या किमतींची बेरीज करावी आणि समोरचा २५ टक्के देत असेल तर तिचा चौथा हिस्सा काढावा. सगळ्यांत स्वस्त नगाची किंमत त्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी असेल तर सरसकट सूट बरी. जास्त असेल तर ‘दोनवर एक’ बरे. आमच्या बेरजेचा चौथा हिस्सा ७०० होता आणि टीशर्ट होता ४०० चा. एवढे तोंडी गणित मी आत जाताना केले असते तर चुकले नसते.

नगांची संख्याही बघावी लागते. सारख्या किमतीचे चार नग घेतले तर फुकट एकच, म्हणजे सूट २५ टक्के. पाच घेतले तर २० टक्के. सहाव्या नगाला पुन्हा ३३. आणि गरज दोनच कपड्यांची असेल तर तिसऱ्याचा मोह धरू नये. ८०० चे दोन शर्ट २५ टक्के सुटीत १२०० ला मिळतात. ‘दोनवर एक’मध्ये १६०० मोजून तीन मिळतात. म्हणजे त्या फुकटच्या तिसऱ्या शर्टासाठी आपण ४०० रुपये दिलेलेच असतात.

सहा नग घेणाऱ्यांना मात्र मला आवर्जून काही सांगायचे आहे, कारण लग्नाच्या किंवा सणाच्या खरेदीत खरे नुकसान तिथे होते. समजा मोठ्यांचे तीन कपडे १५००, १४०० आणि १३०० चे आहेत. मुलांचे ६००, ५०० आणि ४०० चे. एकूण ५७००. हे सगळे एकाच बिलात टाकले आणि दुकानाच्या संगणकाने बिलातले सगळ्यांत स्वस्त दोन नग फुकट धरले, तर ५०० आणि ४०० मिळून ९०० सुटतात, म्हणजे पावणेसोळा टक्के. तेच मोठ्यांचे तीन एका बिलात आणि मुलांचे तीन दुसऱ्या बिलात केले, तर पहिल्यात १३०० आणि दुसऱ्यात ४०० सुटतात. एकूण १७००, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. कपडे तेच, दुकान तेच, दिवस तोच आणि फरक ८०० रुपयांचा! समोरच्या २५ टक्क्यांत या मालावर १४२५ सुटले असते. म्हणजे एका बिलात आपण समोरच्यापेक्षा तोट्यात आणि दोन बिलांत नफ्यात.

म्हणून महागड्यापासून स्वस्ताकडे कपडे ओळीने लावावेत, तिना-तिनाचे गठ्ठे करावेत आणि प्रत्येक गठ्ठ्याचे वेगळे बिल मागावे. काही दुकानांची बिलप्रणाली असेच तिना-तिनाचे गट आपणहून पाडते, तिथे वेगळ्या बिलाची गरज नाही. काही दुकाने एका गिऱ्हाइकाला एकच बिल असा नियम ठेवतात. त्यामुळे “सहा नगांत फुकट कुठले दोन धरता?” हे काउंटरवर माल ठेवण्याआधीच विचारून घ्यावे. बिल फाडल्यावर कुणी बदलून देत नाही.

आमची गोष्ट तिथे संपली नाही. टीशर्ट नातवाला आखूड झाला. परत घेऊन गेलो तर “तो फ्री होता, त्याचं काही मिळणार नाही,” असे उत्तर आले. बिलावर त्याच्यापुढे शून्य छापलेले होते. खरे तर ‘एकावर एक मोफत’सारख्या योजनांबद्दल केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने मार्च २०१९ च्या परिपत्रकात म्हटले आहे की वरवर एक वस्तू फुकट दिसली तरी प्रत्यक्षात ती एका किमतीत दोन वस्तूंची विक्री असते. जमाखर्चाच्या नजरेनेही तेच बरोबर आहे. आम्ही २४०० रुपये तीन कपड्यांचे दिले. ते किमतीच्या प्रमाणात वाटले तर टीशर्टाच्या वाट्याला सुमारे ३४३ रुपये येतात. सूट अशी प्रत्येक नगावर वाटून छापणारी दुकानेही आहेत. बिल घेताना शून्य छापले आहे की वाटून, हे बघून घ्यावे आणि मापाची शंका असलेला कपडा फुकटच्या जागी जाऊ देऊ नये.

योजना बंद करा असे माझे म्हणणे नाही. सारख्या किमतीच्या मालावर ती खरोखर चांगली आहे. माझी तक्रार बोर्डाबद्दल आहे. त्यावर ‘मोफत’ हातभर अक्षरांत होते आणि ‘कमी किमतीचा नग मोफत’ ही अट खाली कोपऱ्यात बारीक इंग्रजीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरांत केला असेल, त्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत खुलासा हवा, असे त्यांत आहे. सांगलीतल्या व्यापाऱ्यांना विनंती, की ही अट मराठीत, ‘मोफत’च्या शेजारी लिहावी आणि सहा नगांचे बिल कसे होते तेही काउंटरवर लावावे. आपल्या वृत्तपत्रात सेलच्या जाहिराती येतात, त्या घेताना आपणही ही ओळ मागून घ्यावी.

कळावे,
एक वाचक (निवृत्त हिशेबनीस), गावभाग, सांगली