आजी आठवते, की आजीला आपण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशस्थ मराठी मंडळींचे लेख वाचताना शब्द सगळे मराठी असूनही मध्येच अडखळायला होते. दिवाळी अंकासाठी येणारे असे लेख मी अनेक वर्षे तपासते आहे. त्यात इंग्रजी शब्दांपेक्षा वाक्याची इंग्रजी घडण जास्त खुपते.

नमुन्याला हे वाक्य घ्या : 'मी माझ्या आजीला आठवतो, जी गिरगावात राहत होती आणि जिने मला मोदक वळायला शिकवले.' लिहिणाऱ्याला आजीची आठवण येते आहे. पण 'मी आजीला आठवतो' म्हटले की आठवण आजीला येते! इंग्रजीत आठवणारा माणूस कर्ता असतो. मराठीत त्याला 'ला' लागतो आणि क्रियापद चालते आठवणाऱ्या गोष्टीप्रमाणे : मला आजी आठवते, मला ते दिवस आठवतात. आवडणे, सुचणे, पटणे, भूक लागणे यांचेही तसेच. म्हणून मनात किंवा शरीरात आपसूक घडणारे काही लिहायचे असेल, तर 'मी'ने सुरुवात करण्याआधी जरा थांबावे.

आता 'जी' आणि 'जिने'. मराठीत ओळख आधी येते, माणूस नंतर : 'गिरगावात राहणारी आजी', 'आजीने शिकवलेले मोदक'. जो-जी-जे आपलेच आहेत, पण ते वाक्यात पुढे असतात आणि 'तो' मागून येतो. 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' ही म्हण आठवून पाहा. मात्र 'राहणारी', 'शिकवणारी', 'रागावणारी' अशी रांग लावली, तर आजीपर्यंत पोचता पोचता वाचकाला धाप लागते. तिथे वाक्य सरळ तोडावे. मी ते असे करीन : 'मला गिरगावची आजी आठवते. मोदक वळायला तिनेच शिकवले.' आजी म्हटल्यावर ती 'माझी' हे कळतेच, आणि 'राहत होती'चे काम 'गिरगावची' एकटा शब्द करतो.

मुंबईत तरी वेगळे काय आहे? सोसायटीच्या फलकावर 'ते सभासद ज्यांनी मेंटेनन्स भरलेला नाही' असे सर्रास दिसते. 'मेंटेनन्स न भरलेल्या सभासदांनी' लिहिले, तर ओळही वाचते.

परदेशातल्या लेखकांना विनंती, की लेख पुरा झाल्यावर त्यातले जो-जी-जे तेवढे शोधावेत. त्याआधी नाम आणि स्वल्पविराम दिसला, तर ते वाक्य फिरवून मोठ्याने वाचावे. आणि अंकांच्या संपादकांनी दुरुस्त्या केलेली प्रत लेखकाला जरूर पाठवावी. आपण गुपचूप सुधारून छापतो, त्यामुळे नेमके काय बदलले हे त्याला कळत नाही आणि पुढच्या वर्षी तसेच वाक्य पुन्हा येते.

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई